कायमधारा पद्धतीवरील व्याख्यानाचे टिपण करताना: महसूल कोणाचा, खंड कोणाचा?

ध्वनिमुद्रित व्याख्यानाची लिखित प्रत हातात आली की ती बहुधा लांबलचक, विरामचिन्हे नसलेली आणि जागोजागी अडखळणारी असते. इतिहासाच्या व्याख्यानाची प्रत तर जास्तच अडखळते, कारण शिक्षक काळाच्या क्रमाने बोलत नाहीत. 1793 सांगता सांगता ते 1770 च्या दुष्काळाकडे जातात, तिथून 1885 च्या कायद्याकडे झेप घेतात आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देऊन मूळ मुद्द्यावर परत येतात. अशा प्रतीतून मथळे आणि छोटे सारांश असलेले मराठी टिपण कसे तयार करायचे, हे आपण या पाठात एकाच उदाहरणावरून पाहू. उदाहरण बंगालमधील कायमधारा पद्धतीचे आहे. या विषयात मराठीचा एक शब्द चुकला तर सगळा इतिहास उलटा होतो, म्हणून ते मुद्दाम निवडले आहे.

नमुन्यासाठी रचलेला हा उतारा वाचा. मराठी शिक्षक वर्गात जसे मिश्र भाषेत बोलतात आणि यंत्राने केलेली प्रत जशी दिसते, तसाच तो ठेवला आहे.

«...तर आता रेव्हेन्यू फिक्स झाला बरं का कायमचा 1793 ला कॉर्नवॉलिस आणि रेंट नाही झाला हे लक्षात घ्या शुअर म्हणत होता की घाई नको दहा वर्षं बघू पण ऐकलं नाही मग इथे बघा हा आकडा हा दहा आणि हा एक तर आधी असं समजायचे की जुन्या जमीनदाऱ्या लिलावात गेल्या आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी घेतल्या जुनी घराणी पार संपली सगळ्या पुस्तकांत तेच होतं एक नवाच वर्ग आला असं पण बर्दवानमध्ये राजाचीच माणसं बोली लावत होती तेव्हा तसं सरळ नाही ते नंतर हप्तम आणि पंजाब रेग्युलेशन आलं...»

आधी प्रत दुरुस्त करा

पहिल्या वाचनात काहीही लिहू नका. फक्त अर्थ लागत नाही तिथे खूण करा. वरच्या उताऱ्यात अशा दोन जागा आहेत. «शुअर म्हणत होता» हे वाक्य कानाला ठीक वाटते, पण शुअर हे कोणाचे नाव? इथे बोलणे जॉन शोर याच्याबद्दल चालले आहे. जमीनदारांशी करार करावा हे शोरला मान्य होते. तो लगेच कायमचा करू नये, एवढाच त्याचा आग्रह होता. दुसरी जागा «पंजाब रेग्युलेशन». 1812 मध्ये पंजाब रणजितसिंहाच्या ताब्यात होता, तेव्हा बंगालचा नियम तिथला असणार नाही. मूळ शब्द «पंजम», म्हणजे फारसीत पाचवा. 1812 चा पाचवा नियम पंजम, 1799 चा सातवा नियम हप्तम. यंत्राला ओळखीचे नाव ऐकू येते आणि ते तेच लिहून टाकते. म्हणून इतिहासाच्या प्रतीत एखादे स्थळ किंवा व्यक्ती त्या काळाशी जुळत नसेल, तर पहिला संशय प्रतीवर घ्या, शिक्षकांवर नंतर.

«इथे बघा हा आकडा» हे वेगळ्या प्रकारचे आहे. शिक्षकांनी फळ्यावर काहीतरी लिहिले असावे आणि प्रतीत ते आलेले नाही. ध्वनिमुद्रणातली वेळ लिहून तिथे कंस मोकळा ठेवा. या उदाहरणात आकड्यांचा अर्थ लागतो, कारण वसुलीचे अकरा भाग मानून त्यातले दहा कंपनीला आणि एक जमीनदाराला, हा या व्यवस्थेचा प्रसिद्ध हिशेब आहे. पण जिथे अर्थ लागत नाही तिथे अंदाजाने आकडा भरू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री तोच आकडा तुम्हाला खरा वाटणार असतो.

दोन इंग्रजी शब्द आणि एक मराठी सापळा

आता मुख्य अडचण. शिक्षक म्हणाले, रेव्हेन्यू फिक्स झाला, रेंट नाही झाला. बहुतेक विद्यार्थी हे वाक्य मराठीत असे उतरवतात: «1793 मध्ये शेतसारा कायमचा ठरवण्यात आला.» वाक्य शुद्ध आहे, पण ते वाचणाऱ्याच्या मनात येते की बंगालच्या शेतकऱ्याला आता ठरावीकच रक्कम द्यावी लागणार होती, म्हणजे त्याचे भले झाले. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला याच्या उलट आले.

हा घोटाळा का होतो, ते समजून घ्या. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. तिथे शेतकरी सरकारला थेट सारा भरत असे, मध्ये जमीनदार नव्हता. त्यामुळे «शेतसारा» म्हटले की मराठी माणसाला शेतकऱ्याने सरकारला भरायची रक्कम दिसते. बंगालमध्ये देणी दोन होती. रयत जमीनदाराला देई ते एक आणि जमीनदार कंपनीला देई ते दुसरे. पहिले म्हणजे रेंट, दुसरे म्हणजे रेव्हेन्यू. पहिल्यासाठी मराठीत «खंड» हा चांगला शब्द आहे. कूळ मालकाला देते तो खंड. दुसऱ्यासाठी «महसूल» वापरा. टिपणाच्या पहिल्याच पानावर ही जोडी लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत त्यात बदल करू नका. शब्दांची पुनरुक्ती टाळण्यासाठी मध्येच «कर» किंवा «सारा» लिहिण्याची शाळेत लागलेली सवय इथे घातक ठरते.

शब्द बरोबर ठेवले की साधा हिशेबही मांडता येतो. एका जमीनदारीत रयतेकडून 11 रुपये खंड जमा होतो असे धरा. त्यातले 10 रुपये महसूल म्हणून कंपनीकडे जातात, 1 रुपया जमीनदाराकडे राहतो. पुढे त्याने खंड वाढवून 16 रुपये वसूल केले, तरी महसूल 10 च. आता त्याच्याकडे 6 रुपये राहतात. उलट पीक बुडाले आणि खंड 8 च जमला, तरी ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत 10 भरायचे, नाहीतर जमीनदारी लिलावात. यालाच पुढे सूर्यास्ताचा कायदा म्हणू लागले. महसूल आणि खंड या दोहोंना «सारा» म्हणून हाच परिच्छेद लिहून पाहा, तो लिहिताच येत नाही. तुमची परिभाषा टिकते की नाही, हे तपासायचा हा सोपा मार्ग आहे.

«कायमधारा» हे नावही याच दृष्टीने थोडे फसवे आहे. ते रूढ असल्यामुळे बदलू नका, पण त्याच्याखाली लगेच एक वाक्य लिहा: कायम झाला तो जमीनदाराने कंपनीला द्यायचा धारा. आणखी एक सूचना. 1765 ची «दिवाणी» टिपणात आली तर ती महसूल गोळा करण्याचा अधिकार होती असे सांगा, नाहीतर वाचकाला दिवाणी कोर्ट आठवेल.

मथळा म्हणजे विधान

प्रत दुरुस्त झाल्यावर दुसरे वाचन करा आणि शिक्षक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत, एवढेच समासात लिहा. प्रश्न बदलला की तिथे मथळा येतो. बोलण्याचा क्रम आणि टिपणाचा क्रम एकच असायला हवा असे नाही. 1772 मध्ये हेस्टिंग्जने पाच वर्षांसाठी महसुलाचा लिलाव केला, ही गोष्ट व्याख्यानात शेवटी आली असली, तरी टिपणात ती कॉर्नवॉलिसच्या आधी घ्या. मूळ वेळ बाजूला लिहिली की हलवाहलव झाली तरी काही हरवत नाही.

«कायमधारा पद्धतीचे परिणाम» असा मथळा कोणत्याही पुस्तकात सापडेल आणि तो काहीच सांगत नाही. त्याऐवजी «महसूल बांधला, खंड मोकळा राहिला» असे लिहा. मथळ्यात क्रियापद असले की तो तुम्हाला बांधून घालतो. खालचा मजकूर तेच सांगतो की नाही, हे लगेच दिसते. हप्तम आणि पंजम याच मथळ्याखाली बसतात, कारण दोन्ही नियम खंडाशी संबंधित आहेत. थकबाकीसाठी आधी न्यायालयात न जाता रयतेचा माल जप्त करण्याची मोकळीक पहिल्याने जमीनदाराला दिली. पट्ट्याची मुदत दहा वर्षांपेक्षा जास्त नसावी, ही अट दुसऱ्याने काढली. व्याख्यानात ते वेगळ्या ठिकाणी आले असतील तर इथे आणा.

सारांशात लांबीवर जाऊ नका

उताऱ्यातला लिलावाचा भाग पुन्हा वाचा. जुने मत मांडायला शिक्षकांनी चार वाक्ये घेतली आणि ते खोडायला जेमतेम दीड. वर्गात हे स्वाभाविक आहे, कारण जे मत खोडायचे ते आधी नीट उभे करावे लागते. पण सारांश करणारा ज्यावर जास्त शब्द खर्च झाले तेच महत्त्वाचे समजतो, आणि टिपणात येते: «जुन्या जमीनदाऱ्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या.» म्हणजे शिक्षकांनी नाकारलेले मतच त्यांच्या नावावर जाते. «पण», «तसं सरळ नाही», «असं समजायचे» हे शब्द दिसले की पेन्सिलीने अधोरेखित करा. रणजित गुहा यांच्यासारख्या इतिहासकाराचे नाव घेऊन सांगितलेले मतही नावासकटच ठेवा. कायमधाऱ्याची मुळे फिलिप फ्रान्सिसच्या आणि फ्रेंच अर्थविचारकांच्या कल्पनांत शोधणे हा गुहांचा युक्तिवाद आहे, सन किंवा आकडा यांसारखी ती नुसती नोंद नाही.

सारांश प्रत मिटवून लिहा, पाच-सहा वाक्यांत. वरच्या उताऱ्याचा सारांश असा होऊ शकेल:

महसूल बांधला, खंड मोकळा राहिला (1793–1812)
*शोरचा सल्ला बाजूला ठेवून कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये जमीनदारांनी कंपनीला द्यायचा महसूल कायमचा ठरवला. रयतेने जमीनदाराला द्यायच्या खंडावर तशी मर्यादा आली नाही. महसूल वेळेवर न भरल्यास जमीनदारी लिलावात जाई. लिलावांमुळे जुनी घराणी संपून व्यापारी जमीनदार झाले असे पूर्वी मानत. पण बर्दवानमध्ये 1797 च्या लिलावात बोली लावणारे बरेचसे राजाचेच हस्तक होते. हप्तम (1799) आणि पंजम (1812) या नियमांनी खंडवसुलीत जमीनदाराचा हात मजबूत केला.*

यात प्रत्येक वाक्यात कोण कोणाला देतो किंवा कोण काय करतो, हे स्पष्ट आहे. «ठरवण्यात आला», «विकण्यात आल्या» असे कर्ता लपवणारे प्रयोग आले असतील तर कर्ता शोधून लिहा. सापडत नसेल तर प्रतीतली ती वेळ काढून पुन्हा ऐका. बहुधा शिक्षकांनी तो सांगितलेला असतो आणि प्रतीत तो सुटलेला असतो.