८९६ बिटकॉइन आणि सात मिलिसेकंद

२४ फेब्रुवारी २०१४

टोकियोतील माउंट गॉक्स हे एकेकाळचे जगातील सर्वांत मोठे बिटकॉइन एक्सचेंज इंटरनेटवरून गायब होते. चार दिवसांनी कंपनी दिवाळखोरीचा अर्ज करते आणि सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन हरवल्याचे सांगते. ज्यांनी आपली नाणी इतरत्र ठेवली आहेत ते धास्तावून आपापल्या ठिकाणी चौकशी करू लागतात.

त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे कॅनडातील अल्बर्टा प्रांतातले ‘फ्लेक्सकॉइन’. स्वतःला जगातील पहिली बिटकॉइन बँक म्हणवणारी ही छोटी कंपनी ग्राहकांना धीर देते: आमची नाणी दुसऱ्या कोणाकडेही नाहीत, आमचे काहीही गेलेले नाही. त्या दिवशी हे खरेच असते.

२ मार्च, हल्ल्याच्या आधी

फ्लेक्सकॉइनची काही नाणी ‘कोल्ड स्टोरेज’मध्ये, म्हणजे इंटरनेटला न जोडलेल्या ठिकाणी आहेत. रोजच्या देवघेवीसाठी लागणारी नाणी इंटरनेटला जोडलेल्या ‘हॉट वॉलेट’मध्ये आहेत. त्यांची संख्या ८९६. तेव्हाच्या भावाने अंदाजे सहा लाख डॉलर.

ग्राहक आपली नाणी बाहेर काढतो तेव्हा ती बिटकॉइनच्या जाळ्यावरून जातात. पण एका ग्राहकाने दुसऱ्या ग्राहकाला नाणी दिली, तर प्रत्यक्षात एकही नाणे हलत नाही. कंपनीच्या डेटाबेसमध्ये एका खात्याची शिल्लक कमी होते आणि दुसऱ्याची वाढते, एवढेच. बिटकॉइनच्या गणिती सुरक्षेचा या नोंदीशी काही संबंध नाही. इथे राखण करायची ती डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनने.

असे हस्तांतर करणारा कोड घाईत लिहिला, तर तो साधारण तीन पायऱ्यांचा होतो. शिल्लक वाचायची, ती पुरेशी आहे का हे तपासायचे, आणि वजाबाकी करून नवी शिल्लक लिहायची. एक माणूस एका वेळी एकच हस्तांतर करत असेल, तर हा कोड वर्षानुवर्षे बिनचूक चालतो. चाचणीतही पास होतो, कारण चाचणी घेणाराही बटण एकदाच दाबतो.

शून्य मिलिसेकंद

हल्लेखोराने नव्या नावाने खाते उघडले आहे आणि त्यात थोडी नाणी भरली आहेत. तो एकाच क्षणी हजारो रिक्वेस्ट पाठवतो. त्यांतल्या फक्त दोन आपण जवळून पाहू. समजायला सोपे जावे म्हणून आकडे मी ठरवलेले आहेत. खाते ‘क’मध्ये १० नाणी आहेत. पहिली रिक्वेस्ट म्हणते, १० नाणी ‘ख’ला द्या. दुसरी म्हणते, १० नाणी ‘ग’ला द्या. तिन्ही खाती त्याचीच.

पहिला मिलिसेकंद

पहिली रिक्वेस्ट ‘क’ची शिल्लक वाचते: १०.

दुसरा मिलिसेकंद

दुसरी रिक्वेस्ट ‘क’ची शिल्लक वाचते. पहिलीने अजून काही लिहिलेले नाही, त्यामुळे हिलाही १० दिसतात. अनर्थ इथेच घडून गेला आहे. यापुढे होते ती त्याची नुसती नोंद.

तिसरा आणि चौथा

दोन्ही रिक्वेस्ट आपापली तपासणी करतात. दहा नाणी द्यायची आहेत, शिल्लक दहा आहे, म्हणजे ठीक. दोघींचे गणित बरोबर आहे, पण दुसरीच्या हातातली माहिती आता शिळी होणार आहे.

पाचवा

पहिली लिहिते: ‘क’ची शिल्लक ०, ‘ख’ची १०.

सातवा

दुसरी लिहिते: ‘क’ची शिल्लक ०, ‘ग’ची १०.

‘क’च्या खात्यातून दोनदा दहा वजा व्हायला हवे होते. झाले एकदाच. दुसरीने पहिलीच्या शून्यावर आपले शून्य लिहिले आणि एक वजाबाकी पुसली गेली. डेटाबेसच्या शास्त्रात याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात, म्हणजे हरवलेली दुरुस्ती. सात मिलिसेकंदांपूर्वी दहा नाणी होती, आता वहीत वीस आहेत. कुठेही एरर आलेला नाही.

दोन्ही रिक्वेस्ट ‘ख’लाच नाणी देत असत्या आणि त्याची शिल्लकही अशीच वाचून लिहिली जात असती, तर ‘ख’चीही एक बेरीज हरवली असती. एक वजाबाकी गेली, एक बेरीज गेली, एकूण दहाचे दहाच राहिले असते. म्हणून चोराला एकाहून अधिक खाती सोयीची पडतात.

आठव्या मिलिसेकंदाला चार प्रश्न

जिम ग्रे यांनी १९८१ साली ट्रान्झॅक्शन या कल्पनेवर मूलभूत निबंध लिहिला. १९८३ मध्ये थेओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी ट्रान्झॅक्शनच्या चार गुणांची आद्याक्षरे जोडून ‘अ‍ॅसिड’ हे नाव दिले. या चौघांपैकी इथे कोण कमी पडले, ते पाहण्यासारखे आहे.

अ‍ॅटॉमिसिटी सांगते की ट्रान्झॅक्शन पूर्ण व्हावे, नाहीतर मुळीच होऊ नये. ‘क’मधून नाणी गेली आणि ‘ख’मध्ये पोचायच्या आत वीज गेली, असे अधांतरी काही राहू नये. आपल्या उदाहरणात दोन्ही हस्तांतरे पूर्ण झाली आहेत. ड्युरेबिलिटी सांगते की कमिट झालेली नोंद टिकली पाहिजे. ती टिकली आहे. चोरी पक्की नोंदली गेली आहे.

कन्सिस्टन्सी म्हणजे डेटाबेसने घालून दिलेले नियम मोडू नयेत. शिल्लक शून्याच्या खाली जाऊ नये असा नियम, ज्याला ‘चेक कन्स्ट्रेंट’ म्हणतात, इथे असता तरी तो गप्प बसला असता. ‘क’ची शिल्लक शून्य आहे आणि शून्य चालते. नव्या खातेवह्या करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. प्रोग्रॅमने आधीच हिशेब केलेला आकडा थेट लिहिला, तर शिल्लक ऋण होतच नाही आणि नियमाला पकडण्यासारखे काही उरत नाही. तोच नियम ‘आहे त्यातून दहा वजा कर’ अशा आज्ञेवर मात्र कामी येतो, कारण दुसऱ्या वजाबाकीला उणे दहा समोर येतात.

उरले आयसोलेशन. एकाच वेळी चाललेली ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालल्यासारखी भासावीत, ही त्याची हमी. इथे तीच नव्हती.

मग सगळे `BEGIN` आणि `COMMIT`च्या मध्ये घातले की काम झाले का? नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची आपोआप लागू होणारी पातळी ‘रीड कमिटेड’ आहे. या पातळीवर दुसऱ्याची कच्ची नोंद दिसत नाही, पण वर दाखवलेला घोळ जसाच्या तसा होतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ती पातळी ‘रिपीटेबल रीड’ असते. नाव भारदस्त आहे, तरी साध्या वाचनावर विसंबून लिहिलेला आकडा तिथेही दुसऱ्याची दुरुस्ती पुसतो. पोस्टग्रेसची ‘रिपीटेबल रीड’ मात्र दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर देऊन थांबवते. एकाच नावाची पातळी दोन डेटाबेसमध्ये वेगळी वागते. म्हणून नावावर न जाता आपल्या डेटाबेसची माहितीपुस्तिका वाचायला हवी.

त्यानंतर

हल्लेखोर तेच पुन्हा करतो, एका खात्यातून अनेकांत आणि त्यांतून आणखी अनेकांत. प्रत्येक फेरीला नुसते दुप्पट झाले तरी एका नाण्याची दहा फेऱ्यांत १,०२४ होतात. हजारो रिक्वेस्टपैकी शंभर जरी एकाच वेळी निसटल्या, तरी दोन फेऱ्यांत दहा हजार. वहीतल्या आकड्याला मर्यादा नाही. मर्यादा आहे ती हॉट वॉलेटमधल्या खऱ्या नाण्यांची.

शेवटी तो पैसे काढण्याची रिक्वेस्ट करतो. इथवर सगळे उलट नोंदी करून दुरुस्त करता आले असते, निदान बॅकअपवरून हिशेब जुळवता आला असता. नाणी बिटकॉइनच्या जाळ्यावर गेली की तो मार्ग संपतो. डेटाबेसची सत्ता डेटाबेसच्या बाहेर चालत नाही. ८९६च्या ८९६ नाणी गेली.

पुढचे दोन दिवस

फ्लेक्सकॉइन निवेदन काढते. ग्राहकांतील हस्तांतराच्या कोडमध्ये दोष होता, शिल्लक अद्ययावत होण्याआधी हजारो रिक्वेस्ट एकदम पाठवून नाणी फिरवली गेली, आणि हे नुकसान भरून काढण्याइतकी मालमत्ता कंपनीकडे नाही. कोल्ड स्टोरेजमधली नाणी सुरक्षित असतात, ती मालकांना परत देण्याचे ठरते. कंपनी तत्काळ बंद होते.

त्याच आठवड्यात ‘पोलोनिएक्स’ एक्सचेंजवरही जवळपास तोच प्रकार होतो. एकाच क्षणी अनेक वेळा पैसे काढण्याची विनंती, प्रत्येकीला पुरेशी दिसलेली शिल्लक, आणि ९७ बिटकॉइनची तूट. एकूण साठ्याच्या १२.३ टक्के. तिथे खाती ऋण झाली होती, पण तपासणीची यंत्रणा ऋण शिल्लक शोधतच नव्हती. पैसे काढण्याची अनैसर्गिक वर्दळ लक्षात आल्यावर व्यवहार गोठवले गेले, म्हणून ते एक्सचेंज वाचले. सगळ्या ग्राहकांची शिल्लक तेवढ्या टक्क्यांनी कापली गेली आणि नंतर भरून दिली गेली.

तेच सात मिलिसेकंद, लॉक लावून

‘क’ वाचतानाच त्या ओळीवर लॉक घेतला, तर काय झाले असते? पोस्टग्रेसमध्ये ते असे दिसते. इथे १ म्हणजे ‘क’ आणि २ म्हणजे ‘ख’.

```sql
BEGIN;
SELECT balance FROM accounts WHERE id = 1 FOR UPDATE;
-- शिल्लक कमी असेल तर इथेच ROLLBACK
UPDATE accounts SET balance = balance - 10 WHERE id = 1;
UPDATE accounts SET balance = balance + 10 WHERE id = 2;
COMMIT;
```

पहिल्या मिलिसेकंदाला पहिली रिक्वेस्ट १० वाचते आणि ओळ अडवून ठेवते. दुसऱ्या मिलिसेकंदाला दुसरी वाचायला येते, तिला थांबावे लागते. पाचव्याला पहिली कमिट करते. सहाव्याला दुसरीला वाचायला मिळते ते ० आणि ती तिथेच परत फिरते. सगळी रचना तीन अक्षरी-सहा अक्षरी दोन शब्दांवर, `FOR UPDATE`वर, उभी आहे.

लॉकऐवजी तपासणी आणि वजाबाकी एकाच आज्ञेत घालता येते. मला स्वतःला ही पद्धत अधिक आवडते, कारण तिच्यात वाचन आणि लेखन यांच्यामध्ये फटच राहत नाही.

```sql
UPDATE accounts SET balance = balance - 10
WHERE id = 1 AND balance >= 10;
```

किती ओळी बदलल्या हे डेटाबेस सांगतो. एक असेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढच्या खात्यात भर घाला, शून्य असेल तर थांबा. लॉकचा खर्चही आहे. एकाच खात्यावर गर्दी झाली की रांग लागते. दोन ट्रान्झॅक्शननी दोन खाती उलट्या क्रमाने अडवली, तर दोन्ही एकमेकांची वाट पाहत बसतात, आणि मग डेटाबेस एकाला रद्द करतो. म्हणून खाती नेहमी एकाच क्रमाने, लहान आयडी आधी, अडवावीत आणि रद्द झालेले ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याची सोय कोडमध्ये ठेवावी.

२०१७

स्टॅनफर्डचे टॉड वॉर्झाव्स्की आणि पीटर बेलिस ऑनलाइन दुकाने चालवणारी १२ लोकप्रिय सॉफ्टवेअर याच नजरेने तपासतात. त्यांत अशा २२ गंभीर फटी सापडतात: एकच गिफ्ट व्हाउचर अनेकदा वापरणे, साठ्यात नसलेला माल विकणे, पैसे भरता भरता टोपलीत आणखी वस्तू टाकणे.

तुमच्याकडे वॉलेट, कूपन, रजेची शिल्लक किंवा तिकिटांची संख्या सांभाळणारे काही असेल, तर चाचणीच्या सर्व्हरवर एकाच खात्यावर शंभर रिक्वेस्ट एकदम सोडा. मग सगळ्या खात्यांची बेरीज करा आणि ती सुरुवातीच्या बेरजेशी ताडून पाहा.