मृत्युपूर्व जबानीची कुळकथा

चेन्नईत गिंडीजवळच असलेल्या रामावरमच्या बंगल्यात १२ जानेवारी १९६७ रोजी दोन माणसांना गोळ्या लागल्या. एक होते एम. जी. रामचंद्रन, दुसरे नट एम. आर. राधा. राधांनी एमजीआरवर गोळी झाडली आणि मग स्वतःवर, असं पुढे न्यायालयात ठरलं. एमजीआर यांच्या मानेला गोळी लागली आणि त्यांच्या बोलण्यावर तिचा परिणाम कायमचा राहिला. पण दोघंही वाचले, आणि कायद्याच्या दृष्टीने या एका गोष्टीने सगळं बदललं. एमजीआर त्या रात्री गेले असते, तर हल्ल्याबद्दल ते दवाखान्यात जे काही बोलले असते ते डॉक्टरच्या, पोलिसाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या तोंडून न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकलं असतं. ते जगले, म्हणून त्यांची हकीकत त्यांनी स्वतः शपथेवर, उलटतपासणीला तोंड देऊनच सांगायला हवी होती.

जिवंत माणसाचे जे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला न्यायालय तयार नसतं, तेच शब्द त्याच्या मृत्यूनंतर ते ऐकतं. हा नियम आपल्याकडे कुठून आला आणि येताना किती बदलला, त्याची ही हकीकत.

ऐकीव पुरावा नाकारण्यामागे साधी कारणं आहेत. ‘अमक्याने मला सांगितलं’ असं साक्षीदार म्हणतो, तेव्हा तो अमका पिंजऱ्यात उभा नसतो. त्याने शपथ घेतलेली नसते. उजेड होता का, अंतर किती होतं, तुमचं जुनं वैर होतं का, हे आरोपीचा वकील त्याला विचारू शकत नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, तेही न्यायाधीशाला दिसत नाही. मात्र काही वेळा त्या माणसाला आणणंच अशक्य असतं. म्हणून कायद्याने मोजके अपवाद ठेवले: मेलेल्या व्यापाऱ्याच्या रोजच्या कीर्दीतली नोंद, स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली कबुली, घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितलेलं नातं. यांत सर्वांत जड अपवाद खून झालेल्या माणसाच्या शब्दांचा आहे, कारण बाकी अपवादांवर पैसा किंवा जमीन ठरते आणि याच्यावर माणूस फासावर जाऊ शकतो.

इंग्लंडमध्ये हा अपवाद धर्मभावनेवर उभा राहिला. १७८९ च्या वुडकॉक खटल्यात न्यायाधीश आयर यांनी त्याचं कारण मांडलं. माणूस मृत्यूच्या दारात उभा असतो, या जगातली आशा संपलेली असते आणि खोटं बोलायचं कुठलंही कारण उरत नाही. ती अवस्थाच त्याला कोर्टातल्या शपथेइतकं बांधून ठेवते, असं त्यांनी म्हटलं. या विचारातून एक कठोर अट आली. आपण आता वाचत नाही याची बोलणाऱ्याला पक्की खात्री हवी, आशेचा अंशही असता कामा नये.

ही अट कुठवर जाई, ते १८६९ च्या जेन्किन्स खटल्यात दिसतं. नदीत ढकलल्या गेलेल्या एका बाईचा जबाब मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाने लिहून घेतला. धाप लागते आहे, मरण येईल असं वाटतं, बरं होण्याची आशा नाही, असं त्याने त्यात लिहिलं. मग तो तिला वाचून दाखवला. तिने एक दुरुस्ती सुचवली आणि कारकुनाने ‘आशा नाही’ या शब्दांच्या आधी ‘सध्या’ हा शब्द घातला. ती मेली. आरोपी दोषी ठरला, पण वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ‘सध्या’ म्हणणाऱ्या बाईच्या मनात थोडी आशा शिल्लक होती, म्हणून तिचा जबाब पुरावा होऊ शकत नाही, असं ठरलं. तिने कुणाचं नाव घेतलं, ते खरं वाटतं का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

तीन वर्षांनी भारतासाठी पुराव्याचा कायदा झाला. १८७२ च्या त्या कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिला आणि कलम ३२ मध्ये त्यांनी ही इंग्रजी अट स्पष्ट शब्दांत काढून टाकली. बोलताना माणसाला मृत्यूची अपेक्षा होती किंवा नव्हती, तरी त्याने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा ज्या घटनाक्रमात मृत्यू आला त्यातल्या परिस्थितीबद्दल केलेलं कथन ग्राह्य ठरेल, असं ते कलम सांगत असे. इंग्लंडमध्ये हा अपवाद मनुष्यवधाच्या खटल्यांपुरता होता. इथे दिवाणी दाव्यातही तो चालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये हाच नियम आहे.

स्टीफन यांच्या या बदलाने नियमाचा पायाच हलला. ‘मरणारा खोटं बोलत नाही’ हे वाक्य आपल्या निकालपत्रांतून आजही येतं, पण ज्याला आपण मरणार हे माहीतच नाही, त्याला ते कसं लावायचं? १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे नेमका असाच माणूस आला. मद्रास इलाख्यातल्या पिठापुरमचा एक शिपाई मार्च १९३७ मध्ये, बेरहामपूरला आपले पैसे परत मिळणार आहेत, तिथून बोलावणं आलं आहे, असं बायकोला सांगून निघाला. दोन दिवसांनी पुरी स्टेशनवर रेल्वेच्या डब्यातल्या लोखंडी ट्रंकेत त्याच्या देहाचे तुकडे सापडले. बायकोशी बोलताना तो धडधाकट होता, मरणाचा विचारही त्याच्या मनात नव्हता. तरी लॉर्ड ॲटकिन यांनी ते बोलणं ग्राह्य धरलं, कारण त्याचा तो प्रवास मृत्यूकडे नेणाऱ्या घटनाक्रमाचाच भाग होता. इथे आधार धर्मभयाचा नव्हता, गरजेचा होता. ज्याला माहीत होतं तो गेला आणि त्याचे शब्द टाकून दिले तर सत्याकडे जाणारी वाटच बुजते, एवढीच ती गरज होती.

पण गरज म्हणजे खात्री नव्हे. कथन ऐकायचं हे ठरलं, तरी त्यावर विश्वास किती ठेवायचा? दुसरा काहीच पुरावा नसेल तर फक्त एवढ्यावर शिक्षा देता येईल का? मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९४० मध्ये गुरुस्वामी तेवर प्रकरणात सांगितलं की, दुजोरा हवाच असा ठाशीव नियम नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीवर तोलायचं. १९५३ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, दुजोऱ्याशिवाय शिक्षा देणं धोक्याचं, असं मत आलं. हा पेच सुटला नागपूरच्या खटल्यात.

१२ फेब्रुवारी १९५६. नागपूरच्या मिल भागात दोन टोळ्यांचं वैर होतं. रात्री नऊच्या सुमाराला एका अरुंद गल्लीत बाबूलाल नावाच्या तरुणावर तलवारी आणि भाल्यांनी हल्ला झाला. त्याला ९ वाजून २५ मिनिटांनी मेयो हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. डॉक्टरांनी लगेच विचारलं आणि त्याने दिलेली नावं केसपेपरवर लिहिली: खुशाल आणि तुकाराम. मग गणेशपेठ पोलीस ठाण्याला फोन गेला. फौजदार आले. मॅजिस्ट्रेटला बोलवावं, असं डॉक्टरांनी सुचवलं, पण तोवर जखमी टिकेल की नाही या शंकेने फौजदारांनी सव्वादहाला प्रश्नोत्तरांच्या रूपात जबानी घेतली. तेवढ्यात मॅजिस्ट्रेट पोहोचले आणि ११.१५ ते ११.३५ या वेळेत त्यांनी तिसरी जबानी नोंदवली. जखमी मानसिकदृष्ट्या सक्षम आहे, असं डॉक्टरांनी प्रमाणित केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूलाल गेला.

अडीच तासांत तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन जबान्या घेतल्या आणि तिन्हींत तीच दोन नावं आली. तरी दोघांचं भवितव्य वेगळं झालं. तुकाराम हे नाव त्या वस्तीत एकट्याचं नव्हतं आणि बाबूलालने सांगितलेली जात आरोपी तुकारामची नव्हती. तो संशयाचा फायदा मिळून सुटला. बाबूलाल खोटं बोलला, असं कुणी म्हटलं नाही. त्याने ज्याचं नाव घेतलं तो हाच, हे सिद्ध झालं नाही एवढंच. बाबूलाल जिवंत असता तर आरोपीकडे बोट दाखवून एका क्षणात हा प्रश्न मिटवू शकला असता. गेलेल्या साक्षीदाराची उणीव नेमकी काय असते, ते इथे कळतं.

खुशालबद्दल तसा गोंधळ नव्हता. राज्य पुनर्रचनेनंतर ‘खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने अपील सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि सप्टेंबर १९५७ मध्ये न्यायमूर्ती बी. पी. सिन्हा यांनी निकाल लिहिला. १९५३ चं मत त्या खटल्याच्या निर्णयाला आवश्यक नव्हतं, म्हणून ते बंधनकारक नाही, असं त्यांनी ठरवलं आणि मद्रासच्या पूर्णपीठाची वाट धरली. मृत्युपूर्व जबानी हा मुळात दुय्यम पुरावा नाही, ती विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. खुशालचं अपील फेटाळलं गेलं.

विश्वास कधी ठेवायचा, याच्या कसोट्याही त्या निकालात आहेत. हल्लेखोर दिसावा एवढा उजेड होता का? बोलताना जखमीचं भान आणि स्मरण शाबूत होतं का? एकाहून अधिक वेळा बोलला असेल तर कथन तेच राहिलं का? पहिल्या संधीला बोलला, की मधल्या वेळात नातलगांनी पढवण्याला वाव मिळाला? मॅजिस्ट्रेटने प्रश्नोत्तरांत, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहिलेली जबानी, इतरांनी आठवून सांगितलेल्या बोलण्यापेक्षा वजनदार मानावी, हेही त्यात आहे. हे सगळे प्रश्न उलटतपासणीत वकिलाने विचारले असते तेच आहेत. ते विचारायला साक्षीदार उरला नाही, म्हणून न्यायालय ते परिस्थितीला विचारतं.

पुढची भांडणं बहुतेक याच कसोट्यांवरून झाली. जळीत प्रकरणांत केसपेपरवर ‘शुद्धीत आहे’ एवढंच लिहिलेलं असे, आणि शुद्धीत असणं म्हणजे जबानी द्यायला सक्षम असणं नव्हे, असा युक्तिवाद बचाव पक्ष करी. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचेच दोन निकाल परस्परविरोधी आले. अखेर २००२ मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की, डॉक्टरचा दाखला ही सावधगिरी आहे, अट नाही. जबानी घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटची रुग्णाच्या सक्षमतेबद्दल खात्री पटली आणि ती साक्षीतून दिसली, तर दाखल्याविना जबानी पडत नाही.

महाराष्ट्रात ही जबानी घ्यायला बऱ्याचदा नायब तहसीलदार जातात. खाटेभोवतीच्या नातलगांना बाहेर काढणं, सुरुवातीची आणि शेवटची वेळ टाकणं, रुग्णाने वापरलेला शब्द तसाच ठेवणं, लिहिलेलं वाचून दाखवणं, अंगठा भाजला असेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेणं, ही त्यांची कामं. आरोपीच्या वकिलाला त्या खोलीत जागा नसते आणि पुढे कधीच त्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याने तिथे गाळलेला प्रश्न कायमचा गाळला जातो. नागपूरच्या जबान्यांत ‘कोणता तुकाराम?’ याचं पुरेसं उत्तर नव्हतं, आणि ते मिळवायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळीच संपली होती.