मोबाइलच्या व्हिडिओत डिजिटल आकडे गायब का होतात? सेव्हन सेगमेंट डिस्प्लेचं मल्टिप्लेक्सिंग समजून घ्या

लाल आकड्यांच्या डिजिटल घड्याळाचा व्हिडिओ काढला की बऱ्याचदा एक गंमत दिसते. डोळ्यांना चारही आकडे स्थिर दिसतात, पण व्हिडिओत कधी दोनच आकडे येतात, तर कधी ते लुकलुकतात. घड्याळ बिघडलेलं नसतं. त्या चार आकड्यांपैकी एका क्षणी एकच आकडा पेटलेला असतो आणि कॅमेरा ते पकडतो. या पद्धतीला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात.

एका वेळी एकच आकडा का?

सेव्हन सेगमेंट डिस्प्लेमधला प्रत्येक आकडा सात एलईडी पट्ट्यांचा बनतो. या पट्ट्यांना a ते g अशी नावं आहेत आणि आठवा असतो दशांश चिन्हाचा ठिपका. चार आकडे स्वतंत्रपणे चालवायचे तर ३२ वायरी लागतील. अर्डुइनो उनोसारख्या बोर्डावर तेवढ्या पिनाच नसतात.

म्हणून चारही आकड्यांच्या a पट्ट्या एकत्र जोडतात, b पट्ट्या एकत्र, आणि असंच पुढे. या झाल्या आठ वायरी. शिवाय प्रत्येक आकड्याला चालू-बंद करणारी एक वायर, म्हणजे आणखी चार. एकूण १२ वायरींत काम भागतं. अडचण एवढीच, की पट्ट्यांच्या वायरी सामायिक असल्यामुळे चार वेगवेगळे आकडे एकाच क्षणी दाखवता येत नाहीत. मग पहिला आकडा क्षणभर पेटवायचा, तो विझवून दुसरा, मग तिसरा, चौथा आणि पुन्हा पहिला. ही फेरी पुरेशी वेगवान असली की डोळ्याला चारही आकडे एकदम पेटल्यासारखे वाटतात.

उदाहरण: अंडी उबवण्याच्या यंत्राचा थर्मामीटर

कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्रात, आत पंखा असेल तर, तापमान साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात. त्यावर "37.5C" दाखवणारा चार आकड्यांचा डिस्प्ले बसवायचा आहे असं समजा.

५ व्होल्टचा पुरवठा आहे आणि लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. प्रत्येक पट्टीच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर लावला, तर एका पट्टीतून जवळपास ९ मिलिअँपिअर करंट जातो. एका आकड्याच्या सातही पट्ट्या आणि ठिपका पेटला तर हाच आकडा सुमारे ७३ मिलिअँपिअरवर जातो. उनोच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. म्हणून आकड्याची सामायिक वायर थेट पिनला न जोडता मध्ये BC547 सारखा ट्रान्झिस्टर लावतात.

प्रत्येक पट्टी फक्त एक चतुर्थांश वेळ पेटते, त्यामुळे सरासरी करंट सव्वादोन मिलिअँपिअरच्या आसपास येतो. मल्टिप्लेक्स केलेला डिस्प्ले थोडा मंद दिसतो, तो यामुळेच.

फेरी किती वेगवान हवी?

प्रत्येक आकडा २० मिलिसेकंद पेटवला, तर एका फेरीला ८० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला साडेबारा फेऱ्या. हा डिस्प्ले उघड लुकलुकतो. ५ मिलिसेकंद दिले तर सेकंदाला ५० फेऱ्या होतात. समोरून पाहिलं तर हे बहुतेक ठीक वाटतं, पण नजरेच्या कडेने पाहिलं किंवा मान हलवली की थरथर जाणवते. २ मिलिसेकंद दिले तर १२५ फेऱ्या होतात आणि डिस्प्ले स्थिर दिसतो.

मग व्हिडिओत आकडे का गायब होतात? उजेडात कॅमेऱ्याचं शटर एक मिलिसेकंदच उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात एक किंवा फार तर दोन आकड्यांचीच पाळी येते. बाकीचे त्या फ्रेममध्ये अंधारातच राहतात.

३७.५ चे ३७.९ कसे होतात?

आता खरी गोम. "7" साठी a, b, c या पट्ट्या पेटतात. "5" साठी a, c, d, f, g. म्हणजे "5" मध्ये b नाही. पण "5" ला b जोडली की तो चक्क "9" दिसतो.

समजा प्रोग्रॅमने "7" चा आकडा विझवण्याआधीच पुढचा आकडा चालू केला आणि मग पट्ट्या बदलल्या. उनोवर digitalWrite या आज्ञेला काही मायक्रोसेकंद लागतात. आठ पट्ट्या एकेक करून बदलायला ३० ते ४० मायक्रोसेकंद सहज जातात. तेवढा वेळ "5" च्या जागी "7" पेटलेला असतो, ठिपक्यासकट. दर फेरीला हे घडतं, म्हणून "5" मध्ये b पट्टी अंधुक उजळलेली दिसते. याला घोस्टिंग म्हणतात, म्हणजे शेजारच्या आकड्याची भुताटकी सावली.

२ मिलिसेकंदांपैकी ३५ मायक्रोसेकंद म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. दिवसा ते लक्षातही येत नाही, अंधाऱ्या खोलीत मात्र दिसतं. रात्री डिस्प्लेवर ३७.९ वाचून कोणी यंत्राचं तापमान उतरवलं, तर आतली अंडी विनाकारण थंड पडतील.

उपाय: आधी विझवा, मग बदला

यालाच ब्लँकिंग म्हणतात. चालू आकडा बंद करायचा, ट्रान्झिस्टर पूर्ण बंद व्हायला थोडा वेळ द्यायचा, अंधारातच पट्ट्या बदलायच्या आणि मग पुढचा आकडा चालू करायचा.

```
void showNext() {
  digitalWrite(digitPin[d], LOW);
  delayMicroseconds(20);
  d = (d + 1) % 4;
  setSegments(value[d]);
  digitalWrite(digitPin[d], HIGH);
}
```

मधला थांबा गरजेचा आहे, कारण पिन LOW केली तरी ट्रान्झिस्टर त्याच क्षणी बंद होत नाही. थांबा आणि पट्ट्या बदलण्याचा वेळ मिळून साधारण ५५ मायक्रोसेकंद अंधार होतो. २ मिलिसेकंदांत ही घट तीन टक्क्यांच्या आत राहते. पण वेग वाढवत प्रत्येक आकड्याला २०० मायक्रोसेकंदच दिले, तर चौथ्या हिश्श्याहून जास्त उजेड अंधारातच जातो. म्हणून गरजेपेक्षा वेगवान फेरीने फायदा होत नाही.

मध्येच एकच आकडा का अडकतो?

showNext दर २ मिलिसेकंदांनी चाललीच पाहिजे. DS18B20 या तापमान सेन्सरला सर्वांत बारीक मोजणीसाठी ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. प्रोग्रॅम delay(750) लावून त्याची वाट पाहत बसला, तर तेवढा वेळ एकच आकडा पेटलेला राहतो आणि बाकी तिन्ही विझतात. उजेड वाढवण्यासाठी लहान रेझिस्टर लावून करंट मर्यादेपलीकडे नेला असेल, तर अशा वेळी एलईडी खराबही होऊ शकतो. म्हणून ही फेरी टायमर इंटरप्टवर सोपवतात. सेन्सरचं काम चालू असतानाही आकडे आपली पाळी घेत राहतात.

दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

खोलीत अंधार करा आणि एकाच जागी "8" दाखवून बाकीच्या तीन जागा कोऱ्या ठेवा. शेजारी अंधुक "8" दिसला तर घोस्टिंग आहे. मग प्रत्येक आकड्याला अर्धा सेकंद द्या. सावली नाहीशी झाली तर चूक पट्ट्या बदलण्याच्या क्रमात किंवा थांब्यात आहे. संथ वेगातही ती तशीच राहिली, तर ट्रान्झिस्टर नीट बंद होत नाही किंवा वायर चुकीची जोडली आहे.