कथासार कुठे थांबवावे?

देवबागला एका जत्रेच्या रात्री दशावतार पाहत होतो. एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले हे गाव. त्यामुळे पखवाज थांबला की लाटांचा आवाज मंडपापर्यंत येत असे. गणपती, सरस्वती आणि संकासुर होऊन गेले होते, आख्यान रंगात आले होते. मी सवयीप्रमाणे वहीत टिपणे करीत होतो. शेजारच्या आजींना, शेवट माहीत असलेले आख्यान पाहायला रात्रभर का जागता, असे विचारले. त्या म्हणाल्या, "राक्षस मरतलो तां माका म्हायत आसा रे. पण आज ह्यो कसो मरता तां बघूक इलंय."

नाट्यचित्रपटांच्या परीक्षकाला रोज पडणारा प्रश्न त्या वाक्यात उलटा होऊन आला होता. कथानक सांगायचे, पण शेवट सांगायचा नाही, हा संकेत आपण इतका गृहीत धरतो की तो फार जुना नाही हे आपल्या ध्यानात येत नाही. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. खेळापूर्वी आख्यानाचा सांगाडा नटांना सांगितला जातो, आणि तो शेवटासकट सांगावाच लागतो, कारण संवाद उत्स्फूर्त रचत प्रत्येकाला त्या शेवटापाशी पोचायचे असते. प्रेक्षकालाही तो पुराणांतून ठाऊकच असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे लपवण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न निर्माण झाला तो कथानक नाटककाराच्या कल्पनेतून येऊ लागल्यावर. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' (१८९९) हे त्याचे ठळक उदाहरण. श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि या विवाहाला विरोध करणारा तरुण कोदंड: हे लग्न होईल का, हे पुराणात शोधून सापडणार नव्हते. इथे शेवट ही मालमत्ता झाली आणि तिची राखण सुरू झाली. पुढे बोलपटांच्या काळात चित्रपटगृहात गाण्यांची पुस्तिका विकत मिळू लागली. तिच्यात पदांबरोबर कथासार असे, आणि पेच टोकाला पोचला की ते थांबून वाचकाला पडद्याकडे पाठवी. ती जाहिरातच होती, पण कथासार मध्येच तोडण्याची सवय मराठी वाचकाला लावण्यात तिचा वाटा मोठा आहे.

पण तोडायचे कुठे? पुस्तिकेचे उत्तर सोपे होते: शेवटचा प्रसंग गाळा. हे उत्तर अपुरे कसे पडते, हे 'शारदा'च्याच विषयावरच्या पुढच्या मोठ्या कृतीत दिसते. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी 'कुंकू' केला. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. पोरक्या नीराला मामा पैशासाठी एका वृद्ध विधुर वकिलाला देतो. नीरा शांता आपटे, काकासाहेब केशवराव दाते.

'शारदा' मनात ठेवून टिपण लिहिणारा परीक्षक साहजिकच असे लिहील: "एका तरुणीचा वृद्धाशी विवाह ठरतो. ती या संकटातून सुटेल का?" या वाक्यात शेवट फुटलेला नाही, तरी ते टिपण चुकीचे आहे. 'कुंकू'त लग्न आरंभीच होऊन जाते. 'शारदा'चा प्रश्न 'हे लग्न होईल का' असा आहे. 'कुंकू'चा प्रश्न, झालेले लग्न न मानणाऱ्या बायकोचे आणि तिच्या नवऱ्याचे एका घरात काय होते, हा आहे. लग्न लागल्याचे लपवणारा परीक्षक नसलेले रहस्य राखतो आणि असलेला प्रश्न हरवतो.

माझ्या वहीतले टिपण शेवटी असे ठरले: "मामाने फसवून लावून दिलेले लग्न नीरा मान्य करीत नाही, काकासाहेबांच्या घरात राहते, पण पत्नी म्हणून नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा जाच आणि काकासाहेबांच्या थोराड मुलाची वाईट नजर यांना ती एकटी तोंड देते. समाजकार्य करणारी काकासाहेबांची विधवा मुलगी घरी येते, तेव्हा तिला पहिल्यांदा समजून घेणारे माणूस भेटते. आणि आपण केले ते काय, हे काकासाहेबांना हळूहळू दिसू लागते." पाचवे वाक्य मी खोडले. चौथ्या वाक्यात प्रश्नाच्या दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या आहेत: तिचा नकार आणि त्याची जाग. त्यापुढचे प्रत्येक वाक्य उत्तराचे आहे. चौथे वाक्यही गाळले, तर काकासाहेब नुसते खलनायक उरतात, आणि केशवरावांच्या कामाविषयी परीक्षणात पुढे काही बोलायला जागाच राहत नाही.

हे टिपण खेळ संपल्यावर करावे, अंधारात लिहिलेल्या ओळींवरून नव्हे. आधी सगळी गोष्ट, शेवटासकट, सहा-सात वाक्यांत लिहावी. परीक्षकाला मत बनवायला शेवट लागतोच. मग कोणत्या वाक्यापाशी प्रश्न पुरा होतो ते पाहून तिथे रेघ मारावी. कृती न पाहिलेल्या कुणाला ते वाचायला देऊन पुढे काय होईल असे विचारावे. दोन-तीन वेगवेगळी उत्तरे आली तर रेघ बरोबर आहे. एकच उत्तर ठामपणे आले तर काहीतरी गळले आहे, आणि "मला काय माहीत?" असे आले तर रेघ फार अलीकडे पडली आहे.

गळती बहुधा घटनेतून होत नाही. 'शोकात्म', 'दिलासा देणारा' अशा विशेषणांतून ती होते. 'अमुक नाटकाची आठवण होते' या विद्वत्तेतून तर हमखास होते, कारण ते नाटक वाचकाने वाचलेले असते. प्रतीकांचे तसेच. 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही, घरातले स्वाभाविक आवाजच आहेत, आणि काही वस्तू पुनःपुन्हा दिसतात. त्यांतल्या एकीवर मी एकदा तपशीलवार परिच्छेद लिहिला. वर्गातल्या एका विद्यार्थिनीने चित्रपट न पाहता, केवळ तो परिच्छेद वाचून शेवट बरोबर सांगितला. ती वस्तू कोणती हे इथे लिहीत नाही.

शीर्षकाचेही काही करता येत नाही. कादंबरीचे नाव नीराच्या नकारापाशी थांबते. मराठी चित्रपटाचे नाव कपाळाकडे बोट दाखवते, आणि ते का, हे चित्रपट पाहिलेल्यालाच पुरते कळते. त्या शेवटाबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती नीराच्या वाट्याला काय उरते याबद्दल आहे. ती वहीच्या शेवटच्या पानावर, रेघेच्या खाली आहे.