तुंबलेली पन्हळ

लखनौचा बडा इमामबाडा नवाब आसफउद्दौलाने 1784 च्या दुष्काळात बांधावयास घेतला. त्याच्या सुमारे 50 मीटर लांब दालनावरील छत तुळईवाचून, पातळ लखौरी विटा व चुना यांवर तोललेले आहे. अशा बांधकामाचे आयुष्य गच्चीवरील पाण्याचा निचरा कसा होतो यावर ठरते.

जुन्या रीतीत गच्चीला चुन्याच्या कोब्याने उतार देत आणि कठड्याच्या तळातून दगडी पन्हळ भिंतीपुढे काढीत. त्यामुळे धार भिंतीवर न ओघळता खाली पडे व नालीने चौकातील कुंडात जाई. तेथे गाळ बसे आणि निवळलेले पाणी पुढे वाहे.

पन्हळीचे तोंड पाने वा शेवाळाने बुजले, की पाणी कठड्याशी साचते. छत गळत नाही, म्हणून शंका येत नाही. परंतु चुना पाणी शोषतो व ओल विटांतून खाली उतरते. ती सुकताना क्षार गिलाव्यामागे साठून त्यास ढकलतात. पांढरा लोणा दिसू लागला, अथवा गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजला, तर आतील चुना भुसभुशीत होऊ लागला असे समजावे. वरून सिमेंट लिंपल्यास ओल आतच कोंडते. पावसाळ्यापूर्वी पन्हळीपाशी घागरभर पाणी ओतावे; ते रेंगाळले तर दोष तेथेच आहे.