‘कुंकू’ परमुलखात कसं गेलं?

मागच्या वेळी आपण बिजवराला दिलेल्या पोरींबद्दल बोललो. त्याच विषयावरचा एक जुना मराठी सिनेमा महाराष्ट्राबाहेर कसा पोचला, ते आज ऐकू या.

सिनेमा मुका होता तेव्हा भाषेची अडचण कमी होती. मधे मधे पाट्या यायच्या, त्या दोन-तीन भाषांत लिहिल्या की झालं. 1931 ला भारतात बोलपट आला आणि मराठी सिनेमापुढं भिंत उभी राहिली. मराठी न समजणारा माणूस तिकीट कशाला काढेल?

पुण्याच्या प्रभात कंपनीनं यावर मार्ग काढला. एकच सिनेमा दोनदा काढायचा. 1937 चा ‘कुंकू’ असाच निघाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून. मामा पैशापायी फसवून नीराचं लग्न म्हाताऱ्या वकिलाशी लावतो. नीरा नांदायला घरात येते, पण त्याला नवरा मानत नाही. भांडते, अडून बसते. शेवटी त्या म्हाताऱ्यालाच आपली चूक उमगते.

आता काम कसं चालायचं बघा. घर तेच, लुगडं तेच, दिवे तेच. एक प्रसंग मराठीत बोलून घ्यायचा, मग तोच पुन्हा हिंदीत. म्हणून नीरा झालेल्या शांता आपटे आणि वकील झालेले केशवराव दाते यांना दोन्ही भाषांत रागवावं, रडावं लागलं. गाणीही वेगळी लिहावी लागली: मराठी शांताराम आठवल्यांनी, हिंदी मुन्शी अझीझ यांनी. ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या भाषेत, असं त्यामुळं होत नसे.

नावही बदललं. कुंकू म्हटलं की आपल्याला सौभाग्य, नवरा, सगळं एका शब्दात कळतं. हिंदीत सिनेमा ‘दुनिया न माने’ झाला. जगाला हे पटत नाही, असा त्याचा अर्थ. एकाच शब्दातला तो सगळा अर्थ मागं राहिला, पण पोरीचं भांडण पुढं गेलं. म्हातारा नवरा आणि पैसा खाणारे नातलग कुठल्या मुलखात नव्हते?

हे सगळ्यांना परवडणारं नव्हतं. फिल्म जास्त लागे, दिवस जास्त लागत. प्रभातजवळ स्वतःचा स्टुडिओ होता आणि पगारावरचे कलाकार होते, म्हणून जमलं.

आता रीत वेगळी आहे. 2016 चा ‘सैराट’ कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली आणि हिंदीत निघाला, पण बहुतेक ठिकाणी नट वेगळे. हिंदी ‘धडक’ मध्ये गाव राजस्थानात गेलं आणि जातीचा काच बराच सैल झाला.

पुढच्या बैठकीत ‘कुंकू’ लावू. बघून झाल्यावर आपण एवढंच बोलू: नीराची गोष्ट आपल्या बंजारा बायांच्या गोरबोलीत सांगायची, तर नाव काय ठेवाल, आणि त्यातलं काय सुटू द्यायचं नाही?