फॉलिक ॲसिड: गर्भधारणेआधीच का सुरू करावे?

फॉलिक ॲसिड हे ब गटातील एक जीवनसत्त्व (ब-९) आहे. पालेभाज्या आणि कडधान्यांत त्याचे नैसर्गिक रूप असते, त्याला फोलेट म्हणतात. गोळीत असते ते कृत्रिमरीत्या बनवलेले रूप. नवीन पेशी तयार होताना डीएनए बनवण्यासाठी शरीराला ते लागते. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत पेशी अतिशय वेगाने वाढतात आणि त्याच काळात बाळाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया घातला जातो. मात्र हा काळ इतका लवकर येतो आणि संपतो, की अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते.

कणा कसा तयार होतो?

गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक सपाट पट्टा दिसू लागतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळतात. त्यातून एक नळी तयार होते. तिला न्यूरल ट्यूब किंवा मज्जानलिका म्हणतात. या नळीच्या वरच्या भागापासून मेंदू बनतो आणि खालच्या भागापासून मज्जारज्जू. मज्जारज्जूभोवती पुढे कण्याचे मणके तयार होतात.

कडा जुळण्याचे काम मानेच्या आसपास सुरू होते आणि बॅगेची चेन लावावी तसे वर व खाली सरकत जाते. गर्भधारणेपासून साधारण २८व्या दिवसापर्यंत नळी पूर्ण बंद होते. वरचे टोक उघडे राहिले, तर मेंदू व कवटीची वाढ होत नाही आणि असे बाळ जगू शकत नाही. खालचा भाग उघडा राहिला, तर स्पायना बायफिडा होतो. त्याच्या गंभीर प्रकारात मज्जारज्जू पाठीवर उघडा राहतो. त्यामुळे पायांत अशक्तपणा किंवा लुळेपणा येणे, लघवी-शौचावर ताबा नसणे, डोक्यात पाणी साठणे असे त्रास होऊ शकतात. जन्मानंतर शस्त्रक्रियेने पाठ बंद करता येते, पण नसांचे झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही.

तारखांचा हिशेब

समजा, एका स्त्रीची शेवटची पाळी १ मार्चला सुरू झाली आणि तिचे चक्र २८ दिवसांचे आहे. गर्भधारणा साधारण १५ मार्चच्या सुमारास होईल. पुढची पाळी २९ मार्चला यायला हवी, ती येत नाही. कधीकधी पाळी पुढे जाते, म्हणून ती आठवडाभर वाट पाहते आणि ५ एप्रिलला घरी चाचणी करते. दोन रेषा दिसतात. डॉक्टरांची वेळ १५ एप्रिलची मिळते.

आता बाळाच्या बाजूने पाहू. ५ एप्रिलला, म्हणजे चाचणीच्या दिवशी, मज्जानलिकेच्या कडा वळू लागलेल्या आहेत. १२ एप्रिलच्या सुमारास नळी बंद होण्याचे काम संपते. डॉक्टर १५ एप्रिलला फॉलिक ॲसिड लिहून देतात, तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. डॉक्टर गरोदरपण शेवटच्या पाळीपासून मोजत असल्याने कागदावर त्या दिवशी ‘सहा आठवडे तीन दिवस’ एवढेच लिहिलेले असते.

मग चाचणी झाल्याबरोबर ५ एप्रिललाच गोळी सुरू केली तर? उशिरापेक्षा ते नक्कीच बरे. पण फोलेटचा साठा एका दिवसात होत नाही. रोजच्या नेहमीच्या मात्रेने रक्तातली पातळी पुरेशी वाढायला साधारण दोन ते तीन महिने लागू शकतात. म्हणूनच गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी, आणि शक्य असल्यास तीन महिने आधी, गोळी सुरू करावी. गर्भनिरोधक थांबवायचे ठरले की त्याच वेळी गोळी सुरू करणे, हा लक्षात ठेवायला सोपा मार्ग.

मात्रा किती?

बहुतेक स्त्रियांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, ही मात्रा पुरेशी असते. ती गर्भधारणेआधीपासून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायची. एखाद्या दिवशी विसरली, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत.

काही स्त्रियांना डॉक्टर जास्त मात्रा देतात, साधारण रोज ४ ते ५ मिलिग्रॅम. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असणे, आईला किंवा वडिलांना स्वतःला तो असणे, आईला आधीपासून मधुमेह असणे किंवा फिट्सची काही औषधे सुरू असणे ही त्याची प्रमुख कारणे आहेत. फिट्सचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. गर्भधारणेआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

या जास्त मात्रेमागे ठोस आधार आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी असा दोष असलेले बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले गेले. त्यांच्यात दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले.

गोळीच्या पट्टीवर काय पाहावे?

आपल्याकडे औषधाच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट आहे. कारण नसताना ती घेण्यात एक धोका आहे. शरीरात ब-१२ कमी असेल, तर फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसू शकतो, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते. शाकाहारी स्त्रियांमध्ये ब-१२ची कमतरता बऱ्याचदा आढळते. त्यामुळे त्यांनी ब-१२ तपासून घेणे चांगले.

दुसरा गोंधळ लोहाच्या गोळीमुळे होतो. सरकारी आरोग्य केंद्रात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती रक्तक्षय टाळण्यासाठी आहे आणि जरूर घ्यावी. पण ती सुरू होते तेव्हा कणा घडण्याची वेळ केव्हाच संपलेली असते.

आहार पुरेसा नाही का?

मेथी, पालक, मूग, हरभरा, चवळी यांत फोलेट भरपूर असते. पण ते पाण्यात विरघळते आणि शिजवताना बरेचसे नष्ट होते. शिवाय गोळीतल्या फॉलिक ॲसिडइतके ते शरीरात शोषले जात नाही. म्हणून भाजी खावी आणि गोळीही घ्यावी.

आधी घेतली नसेल तर?

गरोदरपण कळले त्या दिवशी सुरू करावी आणि बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवावी. आधी गोळी न घेतलेल्या बहुतेक स्त्रियांचीही बाळे निरोगी असतात. उलट, वेळेवर गोळी घेऊनही काही दोष टळत नाहीत, कारण सगळ्यांचे मूळ फोलेटच्या कमतरतेत नसते. दोन्ही बाबतीत १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. उघडा राहिलेला कणा बहुतेक वेळा त्या तपासणीत दिसतो आणि पुढे काय करायचे हे डॉक्टरांशी बोलून वेळेत ठरवता येते.